अरबीतील ऱ्हस्व-दीर्घ स्वर

अरबी भाषेच्या लेखी परंपरेत मूळ स्वर तीनच आहेत: अ, इ आणि उ. प्रत्येकाचे एक ऱ्हस्व आणि एक दीर्घ रूप असते. ऱ्हस्व स्वरांना 'हरकत' म्हणतात आणि त्यांची नावे फतहा, कसरा व दम्मा अशी आहेत. दीर्घ स्वर अलिफ, या आणि वाव या तीन अक्षरांनी लिहितात. या अक्षरांना 'मद्द'ची, म्हणजे लांबवण्याची अक्षरे म्हणतात. 'जमल्' म्हणजे उंट आणि 'जमाल्' म्हणजे सौंदर्य. 'मतर्' म्हणजे पाऊस आणि 'मतार्' म्हणजे विमानतळ. अशा जोड्या शिकणाऱ्यांना गंमत म्हणून सांगितल्या जातात, आणि त्यामुळे एक गैरसमज पसरतो: काही शब्द योगायोगाने सारखे दिसतात, तेवढे जपून उच्चारले की झाले. प्रत्यक्षात योगायोगाच्या जोड्या हा या विषयाचा किरकोळ भाग आहे. 'मतर्' आणि 'मतार्' यांचे धातूच वेगळे आहेत. विमानतळाचा शब्द उडण्याच्या धातूपासून आला आहे, त्याचा पावसाशी संबंध नाही. खरे महत्त्व आहे ते एकाच धातूतून निघालेल्या जोड्यांना. तिथे स्वराची लांबी हे मराठीतल्या प्रत्ययासारखे व्याकरणाचे साधन असते आणि तिचा अर्थ आधीच ठरलेला असतो.

मराठी वाचकाने इथे एक सावधगिरी बाळगावी. या नोंदीतले अरबी शब्द देवनागरीत दिले आहेत, पण त्यांतला 'अ' मराठी 'अ'सारखा वाचू नये. मराठीत 'कर' आणि 'कार' यांतला फरक आपण मुख्यतः तोंडाच्या उघडझापीवरून ओळखतो. 'अ' म्हणताना तोंड अर्धे मिटलेले असते, 'आ' म्हणताना उघडे. अरबी फतहा हा साधारणपणे अर्ध्या वेळात म्हटलेला 'आ' आहे. इ-ई आणि उ-ऊ यांच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. मराठीत त्यांची लांबी बव्हंशी शब्दातल्या जागेवरून ठरते. 'दिन' आणि 'दीन' हे लिहिताना वेगळे असले तरी सहज बोलताना दोन्हींचा उच्चार 'दीन' असाच होतो, कारण शेवटच्या अकारान्त अक्षराआधीचा इकार मराठी जीभ आपोआप लांबवते. म्हणजे फक्त लांबीवरून अर्थ ओळखण्याची सवय मराठी कानाला फारशी नसते, आणि अरबीत नेमकी तीच लागते.

अरबी शब्द कसा घडतो ते पाहिले की लांबीचे काम स्पष्ट होते. बहुतेक धातू तीन व्यंजनांचे असतात आणि ती व्यंजने 'वज़्न' नावाच्या ठरलेल्या साच्यांत बसवली जातात. क-त-ब हा लिहिण्याचा धातू. 'कतब' म्हणजे त्याने लिहिले. पहिला स्वर दुप्पट केला की 'कातब' होते, म्हणजे त्याने कुणाशी पत्रव्यवहार केला. बाकी काहीही बदललेले नाही: व्यंजने तीच, त्यांचा क्रम तोच, पुढचे स्वर तेच. हा बदल एका शब्दापुरता असता तर त्याला योगायोग म्हणता आले असते. पण 'क़तल' म्हणजे ठार मारले आणि 'क़ातल' म्हणजे कुणाशी लढला. 'जलस' म्हणजे बसला आणि 'जालस' म्हणजे कुणाच्या सोबतीला बसला. 'सबक़' म्हणजे पुढे गेला आणि 'साबक़' म्हणजे कुणाशी शर्यत लावली. दर वेळी तोच दीर्घ 'आ' त्याच जागी येतो आणि क्रियेला समोरचा माणूस जोडून देतो. कर्मणी रूपातही हाच भेद टिकतो: 'कुतिब' म्हणजे लिहिले गेले आणि 'कूतिब' म्हणजे त्याच्याशी पत्रव्यवहार केला गेला.

याहून बोलके उदाहरण नामांचे आहे, कारण तिथे लांबी फक्त जागा बदलते. 'क़ातिल्' म्हणजे मारणारा. त्यात पहिला स्वर दीर्घ आणि दुसरा ऱ्हस्व आहे. 'क़तील्' म्हणजे मारला गेलेला. त्यात पहिला ऱ्हस्व आणि दुसरा दीर्घ. 'आसिर्' कैद करणारा, 'असीर्' कैदी. 'जारिह्' जखम करणारा, 'जरीह्' जखमी. दुसऱ्या साच्याचा अर्थ दर वेळी सोसणारा असाच होत नाही. 'हाकिम्' म्हणजे शासक किंवा न्याय देणारा, तर 'हकीम्' म्हणजे शहाणा. मराठीत हकीम वैद्याच्या अर्थाने आला. तिथे दुसरा साचा अंगी मुरलेला गुण सांगतो. तरीही दोन साच्यांमध्ये लांबीखेरीज कोणताही फरक नसतो, हे सर्व जोड्यांत खरे आहे. मराठी भाषक 'क़ातिल्' म्हणताना सवयीने 'कातील' म्हणतो, तेव्हा दोन्ही स्वर दीर्घ होतात आणि शब्द कोणत्याच साच्यात बसत नाही. अरब श्रोता संदर्भावरून शब्द ओळखेलही, पण करणारा आणि सोसणारा यांतला फरक दाखवणारी अर्धी खूण पुसलेली असते.

यावर एक गंभीर आक्षेप घेता येतो. अरबीत शब्दावरचा आघातही लांबीबरोबर हलतो. 'जमल्' म्हणताना जोर 'ज'वर येतो, 'जमाल्' म्हणताना 'मा'वर. मग श्रोता अर्थ ओळखतो तो आघातावरून की लांबीवरून? 'मतर्-मतार्' किंवा 'क़ातिल्-क़तील्' एवढ्याच जोड्या असत्या तर या प्रश्नाचे उत्तर देता आले नसते. पण 'अलम्' म्हणजे झेंडा आणि 'आलम्' म्हणजे जग या जोडीत जोर दोन्हीकडे पहिल्याच अक्षरावर आहे. (दोन्ही शब्दांच्या आरंभी 'ऐन' हे घशातले व्यंजन आहे; देवनागरीत ते दिसत नाही.) 'कतब-कातब', 'मलिक्-मालिक्' यांचेही तसेच. आघात सारखा असूनही अर्थ वेगळा राहतो, तेव्हा भेद करणारी गोष्ट लांबीच आहे आणि आघात तिच्यामागून चालतो. दुसरा आक्षेप स्वराच्या रंगाचा आहे: ऱ्हस्व आणि दीर्घ स्वर उच्चारताना जीभ नेमकी एकाच जागी नसते, मग भेद रंगाचा का मानू नये? पण अरबीत रंग सर्वाधिक बदलतो तो शेजारच्या व्यंजनामुळे. जड 'स' किंवा जड 'त' शेजारी आला की ऱ्हस्व आणि दीर्घ हे दोन्ही 'अ' घशाकडे सरकतात. रंग असा शेजाऱ्यावर अवलंबून असताना अर्थाचा भार लांबीलाच उचलावा लागतो.

अरब वैयाकरणांनी ही लांबी मोजली, आणि तीही आपल्याला ओळखीच्या रीतीने. आठव्या शतकात बसऱ्याच्या अल्-ख़लील इब्न अहमद याने छंदशास्त्र रचले. त्यात दीर्घ स्वर म्हणजे ताणलेला स्वर नव्हे. एक स्वरयुक्त अक्षर आणि त्यामागे एक निःस्वर अक्षर अशी त्याची दोन अक्षरांची मोजणी आहे. लघूची एक मात्रा आणि गुरूच्या दोन, हे मोजायला शिकलेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही. इब्न जिन्नी (मृत्यू 1002) याने हरकत हा मद्दच्या अक्षराचाच अंश मानला: फतहा हा अलिफचा तुकडा, म्हणून फतहा पुरेसा भरला की अलिफ होतो. कुराणपठणाच्या शास्त्रात हीच मोजणी पुढे जाते. साधा दीर्घ स्वर दोन हरकतींचा, आणि काही जागी तो चार, पाच किंवा सहा हरकतींपर्यंत लांबवतात. त्या वाढीव लांबीने अर्थ बदलत नाही. अर्थाची सीमा एक आणि दोन यांच्यामध्येच आहे. त्यापुढची लांबी पठणाच्या नियमांची बाब आहे.

लिपीनेही हा भेद असमान रीतीने टिपला. दीर्घ स्वराला अक्षर मिळाले आणि ऱ्हस्वाला अक्षराच्या वर-खाली दिली जाणारी ऐच्छिक खूण मिळाली. रोजच्या लेखनात ती गाळतात. त्यामुळे 'जमल्' आणि 'जमाल्' बिनखुणांच्या मजकुरातही एका अलिफने वेगळे दिसतात. मात्र 'जमाल्' असे वाचता येणारी अक्षरे 'जिमाल्' अशीही वाचता येतात, आणि 'जिमाल्' म्हणजे उंटांचे अनेकवचन. लिपी लांबी दाखवते, पण कोणता ऱ्हस्व स्वर आहे ते दाखवत नाही.

जुन्या कुराणप्रतींमध्ये शब्दाच्या मधला दीर्घ 'आ'ही अनेकदा लिहिलेला नसे, आणि त्याचा सर्वांत प्रसिद्ध परिणाम पहिल्या सूरेच्या चौथ्या वचनात दिसतो. तिथे निवाड्याच्या दिवसाचा स्वामी असा उल्लेख आहे आणि मूळ अक्षरे फक्त म-ल-क. परंपरेने मान्य केलेल्या सात पाठकांपैकी आसिम आणि अल्-किसाई हे 'मालिक्' असे दीर्घ वाचतात, म्हणजे ज्याची मालकी आहे तो. उरलेले पाच 'मलिक्' वाचतात, म्हणजे राजा. आज बहुतेक मुस्लिम जगात आसिमचा पाठ हफ्सच्या परंपरेने चालतो आणि छापील प्रतींत 'म'वर छोटा उभा अलिफ काढलेला असतो. मोरोक्कोत मात्र नाफिअचा पाठ वर्शच्या परंपरेने प्रचलित आहे, आणि तिथल्या प्रतींत हा अलिफ नसतो. भाष्यकारांनी दोन्ही पाठ ग्राह्य धरले आणि दोन्ही अर्थांची चर्चा केली. एक मात्रा कमी-जास्त झाल्याने वेगळे भाष्य लिहावे लागते, याहून मोठा पुरावा या भेदासाठी मागता येणार नाही. हे दोन्ही शब्द मराठी मुलखातही पोचले: मलिक अंबर या नावातला 'मलिक' आणि रोजच्या बोलण्यातला 'मालक'. मराठीने त्यांना वेगळे ठेवले ते अ-आ यांच्या रंगावर. 'आलम'च्या बाबतीत तेही झाले नाही. 'अलम दुनिया' असा प्रयोग मराठीत रूढ झाला, आणि अरबी कानाने ऐकले तर त्यातले जग झेंडा झाले आहे.

या भेदाला मर्यादाही आहेत, आणि त्या प्रमाण अरबीतही आहेत. शब्दाच्या शेवटचा दीर्घ स्वर पुढच्या 'अल्' या उपपदाला जोडला गेला की उच्चारात ऱ्हस्व होतो. 'कतब्ना' म्हणजे आम्ही लिहिले आणि 'कतब्न' म्हणजे त्या स्त्रियांनी लिहिले. एकटे असताना हे दोन शब्द स्पष्ट वेगळे ऐकू येतात. पण पुढे 'अल्-किताब' आला की दोन्ही वाक्ये 'कतब्नल्-किताब' अशी एकच होतात. पुस्तक कुणी लिहिले ते आधीच्या बोलण्यावरून समजून घ्यावे लागते. कागदावर मात्र पहिल्या वाक्यात अलिफ तसाच उभा असतो. बोलींमध्ये ही झीज आणखी पुढे गेली आहे. कैरोच्या बोलीत एका शब्दात एकच दीर्घ स्वर टिकतो आणि तोही आघात असलेल्या जागी. दोन व्यंजनांआधी तोसुद्धा आखडतो, म्हणून मित्र 'साहिब्' असला तरी मैत्रीण 'सह्बा' होते. मोरोक्कोच्या बोलीत जुने ऱ्हस्व स्वर बहुतांशी गळाले किंवा एका अस्पष्ट स्वरात मिसळले. तिथे आता दीर्घ आणि ऱ्हस्व यांच्याऐवजी पूर्ण स्वर आणि पुसट स्वर असा भेद उरला आहे, आणि तो मराठी अ-आ यांच्या भेदाच्या बराच जवळचा आहे.