फाळक्यांचा वाटाणा आणि भाच्याचा फॉर्म

परवा रात्री अकरा वाजता भाच्याचा फोन आला. "मामा, मराठीत लिहितोस ना तू? मग मला तीन परिच्छेद लिहून दे."

आता हा पोरगा आमच्या घराण्यातला पहिला सिनेमावाला. लालबागच्या चाळीतल्या एका खोलीत, मित्रांच्या मदतीने, त्याने अकरा मिनिटांचा लघुपट बनवलाय. तो महोत्सवांना पाठवायचा तर ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. फॉर्मात तीन रिकामे चौकोन होते: लॉगलाइन, सिनॉप्सिस आणि डायरेक्टर्स स्टेटमेंट. चित्रपट पूर्ण करायला त्याला आठ महिने लागले, आणि या तीन चौकोनांपुढे तो तीन दिवस अडून बसला होता!

मी त्याला म्हटलं, "दादरला जा." तो म्हणाला, "आत्ता?" म्हटलं, "1912 च्या दादरला."

गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच, पण या तीन चौकोनांच्या अंगाने ती पुन्हा बघण्यासारखी आहे. धुंडिराज गोविंद फाळके गिरगावात 'ख्रिस्ताचं चरित्र' बघून वेडे झाले, विम्याच्या पॉलिसीवर पैसे उभे करून 1912 च्या फेब्रुवारीत विलायतेला गेले आणि कॅमेऱ्याची ऑर्डर देऊन एप्रिलमध्ये परत आले. मग चर्नी रोडचं बिऱ्हाड हलवून दादरला मथुरा भवनात राहायला गेले. आज त्या रस्त्याला त्यांचंच नाव आहे. यंत्रं आली, पण चित्रपट काढायला पैसा नव्हता आणि सावकाराला 'हलती चित्रं' म्हणजे काय ते सांगून कळेना. मग फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभरापेक्षा जास्त काळ थोडं थोडं चित्रण केलं. त्यातून मिनिटभराची फिल्म झाली. बी फुगतं, कोंब फुटतो आणि बघता बघता वेल वर चढते. नाव 'अंकुराची वाढ'. ती त्यांनी निवडक मंडळींना दाखवली, आणि यशवंतराव नाडकर्णी कर्ज द्यायला तयार झाले. आपल्याकडचा हा एक अगदी सुरुवातीचा लघुपट, आणि तो मुळात एक अर्ज होता.

आता बघा, 'मी काय दाखवणार आहे' या प्रश्नाचं उत्तर या वाटाण्याने दिलं, तेही एका वाक्यात मावेल असं. महिन्याभराची वाढ मिनिटात दिसते. 'निसर्गाच्या अद्भुत चमत्काराचा वेध' असलं काही नाही. लॉगलाइन म्हणजे हेच. कोण, काय करतो, आणि त्यात अडचण काय, एवढं एक-दोन वाक्यांत. इंग्रजीत पंचवीस-तीस शब्द म्हणतात. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटून येत असल्यामुळे तेच अठरा-वीस शब्दांत बसतं, हे मूळ मराठीत लिहून मग इंग्रजी करणाऱ्याने ध्यानात ठेवावं, नाहीतर मर्यादा ओलांडली जाते.

भाच्याने लिहिलेली लॉगलाइन अशी होती: 'बदलत्या मुंबईत हरवलेल्या नात्यांचा आणि माणुसकीचा शोध घेणारी हृदयस्पर्शी कथा.' मी त्याला विचारलं, "हे वाक्य तुझ्या मित्रांच्या चित्रपटांना चालेल का?" तो गप्प. मग म्हणाला, "पाच जणांना तरी चालेल." झालं! जे वाक्य पाचांना चालतं ते कुणाचंच नसतं. शेकडो फिल्म चाळणाऱ्या माणसाला त्यावरून काहीच आठवणार नाही.

म्हटलं, "चित्रपटात काय घडतं ते सांग." तो सांगू लागला. गिरणी कामगारांना घरं देण्यासाठी म्हाडाने 2012 मध्ये पहिली सोडत काढली. त्या घरांसाठी कामगार 1 जानेवारी 1982 रोजी किंवा नंतर गिरणीच्या हजेरीपटावर होता, हे कागदाने सिद्ध करावं लागतं. चित्रपटातल्या म्हातारीला तो कागद सापडत नाहीये. कुठे ठेवलाय ते फक्त नवऱ्याला माहीत, आणि नवरा तिलाही ओळखेनासा झालाय. हे त्याने सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, आणि यातला एकही शब्द त्याच्या लॉगलाइनमध्ये नव्हता! आम्ही शेवटी लिहिलं ते असं:

'गिरणीतली नोकरी सिद्ध करणारा कागद शोधायला म्हातारीकडे एकच दिवस आहे. तो कुठे आहे हे फक्त तिच्या नवऱ्याला ठाऊक, आणि तो तिलाच विसरलाय.'

एक सावधगिरी मात्र फाळक्यांकडूनच शिकावी, पण उलटी. 1913 मध्ये 'राजा हरिश्चंद्र' गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला. पुढे सुरतेला पहिल्या दिवशी गल्ला अवघा तीन रुपये झाला, तेव्हा त्यांनी जाहिरात केली की 57,000 छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र, आणि हे सारं तीन आण्यांत. मी गणित करून बघितलं. 35 मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात सोळा चौकटी मावतात. म्हणजे 57,000 चित्रांची लांबी साधारण 3,560 फूट होते, आणि चित्रपटाची नोंदलेली लांबी 3,700 फूट आहे. चित्रांचा आकडा अगदी जवळचा! पण दोन मैल म्हणजे साडेदहा हजार फुटांहून जास्त. तिथे गडी तिप्पट फुगवून मोकळा झाला. बाजारपेठेत हे खपून गेलं. महोत्सवाच्या फॉर्मात खपत नाही, कारण वाचणारा पुढच्या अकरा मिनिटांत फिल्म बघणारच असतो. 'थरारक' लिहिलंत आणि थरार नवव्या मिनिटाला आला, तर तो आठ मिनिटं तुमच्यावर चिडून बसतो.

त्याच जाहिरातीत आणखी एक गंमत आहे. गोष्ट काय ते त्यात कुठेच नाही. कारण हरिश्चंद्राची गोष्ट सुरतेच्या माणसाला आजीकडूनच कळलेली. त्याला नवल कशाचं वाटेल ते सांगणं पुरेसं होतं. आपल्या पोरांची पंचाईत नेमकी उलटी असते. परदेशातल्या निवड समितीला चाळ म्हणजे काय, सोडत कसली, संप कुठला, काही ठाऊक नाही. म्हणून सिनॉप्सिस हवा. तो लिहिताना भाच्याने आधी 1982 च्या संपाचा सगळा इतिहास लिहिला, अडीचशे गिरण्या-कामगारांची शब्दसंख्या, आणि म्हातारी आली शेवटच्या ओळीत! मी सगळं खोडलं. परक्या वाचकाला जेवढं कळलं नाही तर फिल्म कळणार नाही, तेवढीच माहिती ठेवायची, आणि तीही घटनेच्या पोटातून द्यायची. असा झाला तो:

'मुंबईच्या लालबागेत एका खोलीत राहणारं वृद्ध जोडपं. बंद पडलेल्या कापडगिरणीच्या कामगारांना सरकार घर देणार आहे, पण नोकरीचा पुरावा उद्यापर्यंत द्यायचा आहे. म्हातारी डबे, ट्रंका, देव्हारा उपसते. नवऱ्याला विचारते, तर तो तिला पाळीवरचा मुकादम समजून उत्तरं देऊ लागतो. त्याच्याकडून उत्तर हवं असेल तर तिला मुकादम व्हावं लागेल.'

बघा, कागद सापडतो की नाही ते यात नाही. छोटा सिनॉप्सिस बहुधा महोत्सवाच्या पुस्तिकेत छापतात, तो प्रेक्षकाच्या हातात पडतो. म्हणून गोष्ट वळणापर्यंत आणायची आणि तिथे थांबायचं. कुणी सविस्तर सिनॉप्सिस वेगळा मागितला, तर त्यात मात्र शेवट सांगावा, तिथे लपवाछपवी करू नये. आणि क्रियापदं वर्तमानकाळात ठेवावीत.

राहिला तिसरा चौकोन, सर्वांत अवघड. इथेही फाळकेच. नोव्हेंबर 1917 ते सप्टेंबर 1918 या काळात त्यांनी 'नवयुग' मासिकात 'भारतीय चित्रपट' या नावाने चार लेख लिहिले. त्यात ते सांगतात, की ख्रिस्ताची चित्रं डोळ्यांपुढून जात असताना मनात राम आणि कृष्ण दिसत होते, आणि आपली माणसं आपल्या प्रतिमा पडद्यावर कधी बघतील असं वाटलं. मला वाटतं, हे मराठीतलं पहिलं दिग्दर्शकाचं मनोगत. त्यात 'काय' नाही, 'का' आहे. कुठल्या खुर्चीवर बसून, कुठल्या क्षणी, ते आहे. फाळके आपल्या हालअपेष्टाही सांगतात, पण ते उद्योगाला आधार मागत होते. महोत्सवात कर्ज काढल्याचं, लाइट गेल्याचं दुःख लिहू नये. परीक्षक फिल्म बघतो, खर्चवही नाही.

भाच्याने मनोगतात काय लिहिलं होतं? जागतिकीकरण, मॉल, टॉवर. खरं सांगायचं तर वर्तमानपत्रातला अग्रलेख. मी विचारलं, "तुला हे सुचलं कुठून?" बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "आजोबा मला शेवटी 'बदली कामगार' म्हणायचे. रोज विचारायचे, आज काम मिळालं का रे? मी हो म्हणायचो."

त्याचे आजोबा म्हणजे माझ्या बहिणीचे सासरे. आयुष्य साच्यावर गेलं. ते कागद न सापडताच गेले, हे मला माहीत होतं. पोरगा रोज 'हो' म्हणायचा हे माहीत नव्हतं.

मनोगतात आम्ही तेवढंच ठेवलं, आणि त्याखाली दोन वाक्यं: 'आजी सगळं काम जमिनीवर बसून करायची, म्हणून कॅमेरा अख्ख्या चित्रपटात बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर आहे. संगीत नाही, कारण त्या खोलीत शेजारच्या रेडिओशिवाय संगीत नव्हतं.' का केलं आणि म्हणून कसं केलं, एवढं झालं की मनोगत संपतं. कागद म्हणजे कशाचं प्रतीक, हे सांगायला तो निघाला होता, मी हात धरला.

शेवटची चाचणी सोपी आहे. फिल्म न पाहिलेल्या माणसाला तिन्ही परिच्छेद वाचायला द्यायचे. एकच वाक्य दोन ठिकाणी आलं असेल तर एक चौकोन वाया गेला. मग त्याला फिल्म दाखवायची आणि विचारायचं, वाचली तीच पाहिलीस का? आम्ही बहिणीला दाखवली. ती म्हणाली, "तीच." आणि आत निघून गेली.

या तीन चौकोनांनी वाईट फिल्म चांगली होत नाही, हे भाच्याला मी आधीच सांगितलंय. सतरा ठिकाणी पाठवली, आतापर्यंत चार ठिकाणांहून नकार आलेत. पण एका नकाराच्या पत्रात म्हातारीचा उल्लेख होता. ती कुणाच्या तरी लक्षात राहिली म्हणायची.

असो. कुंडीत वाटाणे पेरलेत, बघू.