स्मृतिवर्धनाचे दावे आणि वास्तव : सॉफ्टरॅमपासून विंडोज १० पर्यंत

प्रस्तावना

संगणकाची रॅम अपुरी पडू लागली की ती 'वाढवून' देणाऱ्या प्रोग्रॅमकडे वापरकर्ते वळतात. संगणकावर खेळ खेळणाऱ्यांमध्ये असे प्रोग्रॅम विशेष लोकप्रिय आहेत. त्यांत दोन भिन्न तंत्रे येतात. एक स्मृतीतील मजकूर दाबून लहान करण्याचे, म्हणजे संपीडनाचे. दुसरे स्मृती 'साफ' करण्याचे. या दोहोंचा इतिहास तपासून त्यांची उपयुक्तता ठरविण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

सॉफ्टरॅम प्रकरण

१९९५ मध्ये एक मेगाबाइट रॅमसाठी अमेरिकेत साधारण तीस डॉलर मोजावे लागत. त्याच वर्षी आलेल्या विंडोज ९५ ला किमान ४ मेगाबाइट रॅम लागे आणि समाधानकारक कामासाठी ८ मेगाबाइटची शिफारस होती. या टंचाईच्या काळात सिंक्रोनिस कंपनीचे 'सॉफ्टरॅम ९५' बाजारात आले. संपीडनाने रॅम दुप्पट होते, असा त्याचा दावा होता. पडद्यावर दुप्पट झालेला आकडाही दिसे. मार्क रुसिनोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रोग्रॅम उलगडून पाहिला, तेव्हा मजकूर दाबला न जाता जसाच्या तसा एका जागेवरून दुसरीकडे नेला जात असल्याचे आढळले. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननेही दावे निराधार ठरविले आणि १९९६ मध्ये कंपनीला तडजोड करावी लागली.

मूळ कल्पना मात्र खोटी नव्हती. मॅकिंटॉश संगणकांसाठी १९९४ मध्ये आलेले कनेक्टिक्सचे 'रॅम डबलर' खरोखर संपीडन करीत असे. पुढे हे तंत्र कार्यप्रणालींनीच स्वीकारले. अ‍ॅपलने ते २०१३ मध्ये मॅव्हेरिक्स आवृत्तीत आणले, तर मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये विंडोज १० मध्ये.

साफसफाईचा भ्रम

रॅम क्लीनर काहीही दाबत नाही. चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमच्या वापरातील पाने काढून घेण्याची विनंती तो विंडोजला करतो. त्यासाठी `EmptyWorkingSet` ही आज्ञा विंडोजमध्ये उपलब्ध आहे. पाने बाहेर पडताच 'मोकळी स्मृती' हा आकडा वाढतो आणि वापरकर्ता समाधानी होतो. परंतु खेळाला तीच पाने पुढच्या क्षणी हवी असतात. ती अजून रॅममध्येच राखीव असतील तर थोडक्यात निभावते; दरम्यान ती जागा दुसऱ्याला दिली गेली असेल तर डिस्कवरून पुन्हा आणावी लागतात आणि चित्र क्षणभर अडखळते. शिवाय विंडोज मोकळ्या जागेत पूर्वी वाचलेल्या फाइली ठेवून देते. ती जागा वाया गेलेली नसते. गरज पडताच ती खेळाला मिळते.

एक उदाहरण

८ गिगाबाइट रॅमचा संगणक घेऊ. खेळाला ५.५, विंडोजला २ आणि मागे उघड्या ब्राउझरला १.५ गिगाबाइट लागतात. बेरीज ९ होते, म्हणजे १ गिगाबाइटची तूट येते. दाबलेली पाने मूळ आकाराच्या सुमारे ४० टक्के होतात, असे मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये सांगितले होते. त्या हिशेबाने ब्राउझरची निष्क्रिय पाने ०.६ गिगाबाइटमध्ये मावतात व ०.९ वाचतात. विंडोजची अर्धा गिगाबाइट निष्क्रिय पाने दाबल्यास आणखी ०.३ वाचतात. तूट भरून निघते आणि डिस्ककडे जावे लागत नाही.

आता खेळाची गरज ७.५ गिगाबाइट धरू. तूट ३ गिगाबाइट होते. निष्क्रिय पाने संपल्यावर खेळाची स्वतःची पाने दाबावी लागतात. सेकंदाला साठ चित्रे दाखवायची तर प्रत्येक चित्रासाठी जेमतेम १७ मिलिसेकंद मिळतात. त्यातच पाने उलगडण्याचे काम प्रोसेसरवर पडते. खेळातील ध्वनी व चित्रांचा बराचसा भाग आधीच दाबलेला असल्याने तो आणखी फारसा लहानही होत नाही. येथे संपीडन हतबल ठरते आणि क्लीनर तर अधिकच.

नेमके काय घडते आहे हे तपासता येते. संपीडन चालू आहे का, हे पॉवरशेलमध्ये पुढील आज्ञेने कळते :

```
Get-MMAgent
```

उत्तरात `MemoryCompression` पुढे `True` दिसावे. खेळ अडखळतो त्याच वेळी रिसोर्स मॉनिटरमधील `Hard Faults/sec` हा आकडा उसळत असेल, तर रॅम खरोखर अपुरी आहे. तो शांत असेल, तर दोष अन्यत्र शोधावा.

निष्कर्ष

संपीडन थोडी तूट भरून काढते, पण ते विंडोजमध्ये आधीच असल्याने त्यासाठी वेगळा प्रोग्रॅम घेण्याचे प्रयोजन उरत नाही. क्लीनर सहसा केवळ आकडा बदलतो. वरील उदाहरणात ब्राउझर दाबल्याने ०.९ गिगाबाइट मिळाले. तो बंद केल्यास पूर्ण १.५ मिळतात. त्यानेही न भागल्यास रॅमची पट्टी वाढविणे हाच उपाय उरतो. सॉफ्टरॅमच्या ग्राहकांनी पडद्यावरील आकड्यावर विश्वास ठेवला होता. मोकळ्या स्मृतीच्या आकड्यावरून क्लीनरची पारख करणारा वापरकर्ता आजही तेच करीत असतो.