लग्न झालं, पण विमा पॉलिसीवर नॉमिनी जुनाच? असा करा बदल

लग्नानंतर रेशनकार्ड, आधारमधले बदल आठवणीने केले जातात. विमा पॉलिसी मात्र कपाटात तशीच पडून राहते. लग्न झालं म्हणून बायकोचं किंवा नवऱ्याचं नाव पॉलिसीवर आपोआप लागत नाही. काही बरंवाईट झालं, तर कंपनी तिच्याकडे ज्याची नोंद आहे त्यालाच पैसे देते.

समजा, एका तरुणाने २०१९ मध्ये एलआयसीची पॉलिसी काढली आणि नॉमिनी म्हणून आईचं नाव दिलं. आता लग्न झालंय. बायकोचं नाव लावायचं म्हणजे आईचं काढावंच लागतं, असं नाही. दोघींची नावं देऊन ५०-५० टक्के वाटा लिहिता येतो. टक्क्यांची बेरीज १०० झाली पाहिजे. हा बदल करायचा हक्क पॉलिसीधारकाचा आहे, त्यासाठी जुन्या नॉमिनीची सही लागत नाही. पॉलिसीची मुदत पूर्ण होण्याआधी तो कधीही करता येतो.

साधारणपणे ही कागदपत्रं मागतात :

- नॉमिनी बदलाचा भरलेला अर्ज (एलआयसीत फॉर्म ३७५०)
- मूळ पॉलिसी बाँड
- स्वतःचं आणि नवीन नॉमिनीचं आधार किंवा दुसरं ओळखपत्र
- नात्याचा पुरावा म्हणून विवाह नोंदणी दाखला. गावात लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत होते
- नॉमिनीच्या बँक पासबुकाची झेरॉक्स

अर्ज बहुतेक वेळा नावापाशी अडतो. बायकोच्या आधारवर माहेरचं आडनाव आणि अर्जात सासरचं, असं झालं तर पुढे क्लेमच्या वेळी तीच बाई आहे हे सिद्ध करत बसावं लागतं. म्हणून आज आधार आणि पासबुकावर जे नाव आहे तेच अर्जात लिहा. नाव बदलणार असाल, तर आधी आधार आणि बँकेत बदला, मग अर्ज द्या.

अर्ज एजंटाच्या हातात दिला म्हणजे काम झालं, असं समजू नका. कायद्याप्रमाणे लेखी सूचना कंपनीकडे पोहोचेपर्यंत जुन्या नॉमिनीला दिलेले पैसे योग्यच धरले जातात. त्यामुळे पॉलिसी ज्या शाखेत आहे तिथे अर्ज देऊन तारीख-शिक्क्याची पोच घ्या. नंतर बदल नोंदवल्याचं लेखी पत्र किंवा बाँडवरची नोंद मागून घ्या आणि नावाचं स्पेलिंग, नातं, टक्केवारी तिथेच तपासा.

बाँड हरवला असेल, तर आधी शाखेत डुप्लिकेट पॉलिसीची चौकशी करा. पॉलिसी विवाहित महिला मालमत्ता कायद्याखाली काढलेली असेल, तर ती रक्कम बायको-मुलांसाठी राखीव असते आणि तिथे असा बदल करता येत नाही. पुढे लहान मुलाला नॉमिनी केलंत, तर तो १८ वर्षांचा होईपर्यंत पैसे स्वीकारणाऱ्या मोठ्या माणसाचं नावही अर्जात द्यावं लागतं.