दोन लाख तीन हजार वर्षांचा आकडा कुठल्या सेलमधून आला?

आजचा इतिहास फार जुना नाही, दहाएक वर्षांपूर्वीचा आहे. पण ज्युपिटर नोटबुकमध्ये कोड चालतो, ग्राफ येतो, आणि मग गाईड म्हणतात, "छान, आता याचा पेपर लिही", तिथे अडकलेल्या प्रत्येकाला हा इतिहास माहीत असायला हवा. मी सॉफ्टवेअरवाला आहे, भौतिकशास्त्रज्ञ नाही. त्यामुळे कृष्णविवरांपेक्षा माझं लक्ष जास्त आहे ते कोडमधून निघालेला आकडा पेपरच्या वाक्यात कसा जातो याच्याकडे.

14 सप्टेंबर 2015. अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथल्या लायगोच्या दोन डिटेक्टरांनी गुरुत्वीय लहरींचा पहिला सिग्नल पकडला. नाव GW150914, म्हणजे नावातच तारीख. सूर्याच्या साधारण 36 पट आणि 29 पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन झाली होती. 11 फेब्रुवारी 2016 ला 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये पेपर आला, आणि त्याच दिवशी लायगोने डेटा आणि सोबत एक ट्युटोरियल नोटबुकही सगळ्यांसाठी खुलं केलं. आपल्याकडचं नातंही सांगून ठेवतो. असे सिग्नल शोधताना हजारो नमुना-लहरी डेटावर ताडून बघतात. त्या पद्धतीवर पुण्याच्या आयुकात संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990च्या दशकापासून पायाभूत काम केलं आहे. आणि भारतातला लायगो डिटेक्टर हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभा राहतोय.

तर आपल्यासमोर दोन गोष्टी आहेत. एक नोटबुक आणि एक पेपर. विषय एकच, पण दोघांचं काम वेगळं.

नोटबुक दाखवतं, पेपर दावा करतो

नोटबुकमध्ये 32 सेकंदांचा डेटा उघडतो. आधी काहीच दिसत नाही, कारण डिटेक्टरचा गोंगाट सिग्नलपेक्षा कितीतरी मोठा असतो. मग 'व्हाइटनिंग' करतात. म्हणजे प्रत्येक फ्रीक्वेन्सीला तिथल्या नेहमीच्या गोंगाटाने भागायचं, म्हणजे जिथे गोंगाट जास्त तिथला आवाज खाली येतो. मग फिल्टर लावला की एका सेकंदाहूनही लहान वेळात ती प्रसिद्ध लहर वर येते. पुढे एक सेल तिचा आवाजही ऐकवतो. मजा येते.

पण बघा, यातून सिद्ध काय झालं? 32 सेकंदांत एक लहर दिसली, एवढंच. ती गोंगाटातून योगायोगाने उमटली नसेल कशावरून? ते या नोटबुकमधून कळूच शकत नाही. त्यासाठी दोन्ही डिटेक्टरांचा 16 दिवसांचा एकत्रित डेटा लागला, सुमारे अडीच लाख नमुना-लहरी लागल्या, आणि ते काम मोठ्या कॉम्प्युटर क्लस्टरवर झालं.

म्हणून नोटबुकचा पेपर करताना पहिलं काम लिहिण्याचं नसतं, वर्गवारीचं असतं. प्रत्येक सेलला विचारायचं: तू मला समजावून सांगण्यासाठी आहेस, की माझा दावा तुझ्यावर उभा आहे? दावा ज्यांच्यावर उभा आहे ते सेल मेथड्समध्ये जातात. बाकीचे नोटबुकमध्येच राहू देत. आणि मेथड्सचा क्रम सेलचा क्रम नसतो. सेल आपल्याला सुचत गेले तसे लिहिलेले असतात. मेथड्समध्ये क्रम असतो निर्णयांचा: कुठला डेटा घेतला, काय गाळलं, काय मोजलं, आणि योगायोगाची शक्यता कशी काढली.

एक सेल, दोन वाक्यं

आता या पेपरमधला सगळ्यात भारी आकडा घेऊ. त्यात म्हटलंय की एवढा जोरदार सिग्नल निव्वळ गोंगाटातून यायचा झाला, तर 2,03,000 वर्षांतून एकदाही येणार नाही. अरे, पण डेटा तर 16 दिवसांचा! मग लाखो वर्षं आली कुठून?

युक्ती सुंदर आहे. खरी लहर दोन्ही डिटेक्टरांत जास्तीत जास्त 10 मिलिसेकंदांच्या फरकाने पोहोचते, कारण प्रकाशाला एकाकडून दुसऱ्याकडे जायला तेवढाच वेळ लागतो. आता एका डिटेक्टरची घड्याळं मुद्दाम 0.1 सेकंदाने सरकवा. हा फरक 10 मिलिसेकंदांपेक्षा बराच मोठा आहे, त्यामुळे आता दोन्हीकडे एकदम काही जुळलं तर ते नक्की योगायोगानेच. मग 0.2 ने सरकवा, 0.3 ने, असं करत जा. प्रत्येक वेळी तुम्हाला गोंगाटाचे नवे 16 दिवस मिळतात.

किती मिळतात, ते कुठल्याही लॅपटॉपवर बघता येतं:

```python
days = 16
shifts = days * 86400 / 0.1
years = shifts * days / 365.25
print(shifts, years, years / 3)
```

सरकवण्याच्या पायऱ्या येतात सुमारे 1 कोटी 38 लाख, आणि वर्षं येतात साधारण 6,05,600. पेपरमध्ये आकडा आहे 6,08,000. चूक कुणाचीच नाही. 16 हा गोल केलेला आकडा आहे. `days` मध्ये 16.03 टाका, की 6,08,000च्या अगदी जवळ पोहोचता. इथे एक कामाची सवय दिसते. गोल करायचं ते वाक्य लिहिताना, अगदी शेवटी. मधल्या सेलमध्ये गोल केलेला आकडा पुढे वापरला, तर तुमचे रिझल्ट्स आणि तुमचा कोड एकमेकांशी जुळत नाहीत, आणि रिव्ह्यूअरला नेमकं तेच दिसतं.

तीनने भागलं कशासाठी? नमुना-लहरी त्यांच्या लांबीनुसार तीन गटांत वाटल्या होत्या. तीन ठिकाणी शोधलं तर योगायोग सापडायची संधी तिप्पट होते. त्याची किंमत म्हणून 6,08,000चे 2,03,000 झाले. कोडमध्ये हे फक्त `/ 3` आहे. पेपरमध्ये त्याला स्वतःचं वाक्य आहे, आणि ते असायलाच हवं. कोडमधले असे छोटे भागाकार, उंबरठे, गाळण्या हेच मेथड्सचं खरं पोट. `import numpy` वर वाक्य खर्च करायची गरज नसते. लायब्ररीचं नाव आणि व्हर्जन दिलं की झालं.

आता रिझल्ट्सकडे. एवढ्या सगळ्या वर्षांत या सिग्नलइतका जोरदार योगायोग किती वेळा मिळाला? शून्य. नोटबुकमध्ये तुम्ही `count / years` लिहिलं असतं, तर उत्तर छापून आलं असतं `0.0`. ते तसंच पेपरमध्ये टाकलं, तर तुम्ही म्हणताय की हे गोंगाटातून कधीच घडू शकत नाही. तेवढं तर तुम्ही मोजलेलंच नाही! तुम्ही ठरावीक वर्षंच बघितली. म्हणून पेपरमधलं वाक्य "2,03,000 वर्षांतून एकदा, यापेक्षाही कमी" असं आहे. 16 दिवसांना 2,03,000 वर्षांनी भागलं की योगायोगाची शक्यता येते सुमारे 0.0000002, आणि तिथून तो "5.1 सिग्मापेक्षा जास्त".

माझ्या शब्दांत या एका सेलची दोन वाक्यं अशी होतील. मेथड्समध्ये: "गोंगाटाचा दर काढण्यासाठी एका डिटेक्टरच्या नोंदी 0.1 सेकंदाच्या पटीत सरकवल्या. हे अंतर दोन डिटेक्टरांमधल्या 10 मिलिसेकंदांच्या प्रवासवेळेपेक्षा मोठं आहे." रिझल्ट्समध्ये: "6,08,000 वर्षांइतक्या गोंगाटात इतकी जोरदार नोंद एकही मिळाली नाही, तीन गटांची भरपाई केल्यावर दर 2,03,000 वर्षांतून एकापेक्षा कमी आहे." पहिल्या वाक्यात एकही उत्तर नाही, दुसऱ्यात एकही नवी पद्धत नाही. तुमच्या ड्राफ्टमध्ये रिझल्ट्स वाचताना "हे कसं काढलं?" असा प्रश्न पडला, तर समजायचं की मेथड्समधलं एक वाक्य गळलंय.

आकृती 1 ची गोष्ट

एवढं काटेकोर काम असूनही गडबड झाली, आणि ती झाली पेपरच्या सगळ्यात प्रसिद्ध चित्रात.

आकृती 1 मध्ये वर दोन्ही डिटेक्टरांची लहर आहे, मध्ये सिद्धांतातून काढलेली लहर, आणि खाली वजाबाकी, म्हणजे उरलेला गोंगाट. 2017 मध्ये कोपनहेगनच्या नील्स बोर इन्स्टिट्यूटच्या एका गटाने म्हटलं की हा उरलेला गोंगाट दोन्ही डिटेक्टरांत एकमेकांशी जुळतो. हे गंभीर होतं. एकमेकांपासून 3,000 किलोमीटरवरच्या डिटेक्टरांचा गोंगाट जुळायला नको. जुळत असेल, तर घड्याळं सरकवायची ती सगळी युक्तीच संशयात येते.

2018 मध्ये 'न्यू सायंटिस्ट'मध्ये बातमी आली आणि उलगडा झाला. त्या आकृतीतली लहर मुख्य विश्लेषणातून आलेली सर्वोत्तम लहर नव्हती. वाचकाला समजावं म्हणून ती काही प्रमाणात हाताने जुळवलेली होती. तिच्याखाली तिला "मोजलेल्या वस्तुमानांशी सुसंगत" म्हटलं होतं, आणि ते खरंही होतं. पण "ही वजाबाकी फक्त दाखवण्यासाठी आहे" हे सांगितलेलं नव्हतं. लहर थोडी कमी-जास्त बसली की खऱ्या सिग्नलचा उरलेला अंश दोन्हीकडे सारखाच राहतो, आणि मग 'गोंगाट' जुळल्यासारखा दिसतो. पुढे नील्सन आणि सहकाऱ्यांनी दोन्ही प्रकारे वजाबाकी करून पाहिली. सर्वोत्तम लहर वजा केल्यावर, दखल घ्यावी असं काहीच जुळत नव्हतं. शोध पक्काच राहिला; वाद चालला तो एका चित्राखाली नसलेल्या वाक्यामुळे.

अजून एक बारकावा. आकृती 1 चा डेटा 35 ते 350 हर्ट्झच्या फिल्टरमधून काढलाय आणि उभ्या अक्षावर खरा ताण आहे, 10⁻²¹च्या पटीत. ट्युटोरियल नोटबुकमधलं चित्र व्हाइटनिंग केलेलं आहे, तिथे उभा अक्ष गोंगाटाच्या पटीत. दोन्ही चित्रं दिसायला भावंडं, पण एकाच्या खाली दुसऱ्याचं कॅप्शन चालणार नाही. चित्र नोटबुकमधून उचलताना फिल्टर, अक्षाचं एकक आणि 'दाखवण्यासाठी की मोजण्यासाठी' या तीन गोष्टी कॅप्शनमध्ये गेल्याच पाहिजेत.

पुन्हा चालवून बघितलं तेव्हा

शेवटचा अध्याय 2021चा. डंकन ब्राउन आणि सहकाऱ्यांनी हेच विश्लेषण सार्वजनिक कोड घेऊन नव्याने चालवलं. मुख्य निष्कर्ष पुन्हा मिळाला. पण तंतोतंत तेच आकडे मिळाले नाहीत, कारण मूळ विश्लेषणात वापरलेला नेमका डेटासेट सार्वजनिकच नव्हता. ब्राउन स्वतः मूळ शोधाच्या वेळी लायगोत होते. घरच्या माणसाचीही ही अवस्था!

म्हणून ड्राफ्ट पाठवण्याआधी एक रटाळ काम करा. 'रिस्टार्ट कर्नल अँड रन ऑल' दाबा. मग पेपरची प्रिंट घेऊन रिझल्ट्समधल्या प्रत्येक आकड्याशेजारी पेन्सिलने सेल नंबर लिहा, आणि मेथड्सच्या पहिल्या परिच्छेदात डेटा फाइलचं व्हर्जन आहे का ते बघा. ज्या आकड्याला सेल सापडत नाही, तो आकडा पेपरमध्ये राहू देऊ नका.

भेटूया पुढच्या भागात.