मर्यादित निधी आणि प्रकल्पांचा अग्रक्रम : लाभप्रदता निर्देशांक व महाराष्ट्रातील सिंचनाचे लाभ-व्यय गुणोत्तर – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

कळमनुरी तालुक्यात पैनगंगा नदीवर इसापूर येथे बांधलेले मातीचे धरण १९८२ मध्ये पूर्ण झाले. ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्प या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकल्पाचे लाभक्षेत्र हिंगोली, नांदेड व यवतमाळ या जिल्ह्यांत पसरलेले आहे. धरण पूर्ण झाले म्हणजे प्रकल्प पूर्ण झाला असे मात्र होत नाही. कालवे, वितरिका आणि शेतचाऱ्या यांची कामे धरणानंतरही दीर्घकाळ चालू राहिली. पाणी साठले आहे, पण ते शेतापर्यंत पोहोचलेले नाही, हा मधला काळ मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या परिचयाचा आहे. या मधल्या काळाची किंमत आपल्या प्रकल्प-मूल्यमापनात कोठे मोजली गेली, हा प्रस्तुत लेखाचा मूळ प्रश्न आहे.

वाणिज्य शाखेच्या अभ्यासक्रमात भांडवली अंदाजपत्रकाच्या प्रकरणात 'लाभप्रदता निर्देशांक' शिकविला जातो. प्रकल्पापासून भविष्यात मिळणाऱ्या प्राप्तींच्या वर्तमान मूल्यास गुंतवणुकीच्या वर्तमान मूल्याने भागले असता हा निर्देशांक मिळतो. तो १ पेक्षा अधिक असल्यास प्रकल्प स्वीकारार्ह ठरतो आणि निधी अपुरा असल्यास अधिक निर्देशांकाच्या प्रकल्पास अग्रक्रम दिला जातो. सिंचन खात्यात वापरले जाणारे 'लाभ-व्यय गुणोत्तर' हे वरवर पाहता याच निर्देशांकाचे शासकीय रूप वाटते. प्रत्यक्षात या दोहोंत एक मूलभूत भेद आहे आणि महाराष्ट्रातील अपूर्ण प्रकल्पांच्या प्रश्नाशी त्याचा निकटचा संबंध आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) लाभप्रदता निर्देशांकाचा उगम व त्याचे कार्य स्पष्ट करणे.
२) भारतातील सिंचन प्रकल्पांच्या निवड-निकषांच्या इतिहासाचा आढावा घेणे.
३) विलंबाचा परिणाम दोन्ही पद्धतींत कसा दिसतो, हे उदाहरणाने तपासणे.

प्रस्तुत लेख दुय्यम साधनांवर आधारित असून त्यातील आकडेमोडीची उदाहरणे स्पष्टीकरणासाठी लेखकाने रचलेली आहेत.

निर्देशांकाचा उगम :

लाभ आणि खर्च यांची तुलना करून सार्वजनिक काम स्वीकारावे, हा विचार अमेरिकेच्या १९३६ च्या पूरनियंत्रण कायद्याने प्रशासनात रूढ केला. खर्चापेक्षा लाभ अधिक असावेत, मग ते लाभ कोणालाही मिळोत, अशी त्या कायद्याची भूमिका होती. खाजगी उद्योगांच्या बाबतीत १९५१ मध्ये जोएल डीन यांच्या भांडवली अंदाजपत्रकावरील ग्रंथाने या विषयाला शास्त्राचे रूप दिले. त्यानंतर १९५५ मध्ये शिकागो विद्यापीठातील जेम्स लॉरी व लिओनार्ड सॅव्हेज यांनी मर्यादित भांडवलाच्या वाटपासंबंधीचा आपला प्रसिद्ध लेख लिहिला. निधी एकाच वर्षापुरता मर्यादित असेल, तर गुंतविलेल्या प्रत्येक रुपयामागे मिळणाऱ्या वर्तमान मूल्यानुसार प्रकल्पांचा क्रम लावावा, हे तत्त्व त्यांनी मांडले.

हा क्रम का उपयुक्त ठरतो, हे पुढील उदाहरणावरून लक्षात येईल. उपलब्ध निधी १०० कोटी रुपये आहे. 'क' प्रकल्पाचा खर्च १०० कोटी आणि प्राप्तींचे वर्तमान मूल्य १२० कोटी आहे. 'ख' प्रकल्पास ५० कोटी लागतात व ६४ कोटी मिळतात. 'ग' प्रकल्पास ५० कोटी लागतात व ६३ कोटी मिळतात. निव्वळ वर्तमान मूल्य पाहिले तर 'क' चे २० कोटी सर्वांत जास्त आहे. निर्देशांक मात्र 'क' चा १.२०, 'ख' चा १.२८ आणि 'ग' चा १.२६ येतो. निर्देशांकानुसार 'ख' व 'ग' निवडले असता त्याच १०० कोटींतून एकूण २७ कोटींचे निव्वळ मूल्य निर्माण होते. निधी ही दुर्मिळ वस्तू असल्यामुळे प्रत्येक रुपयाची फलनिष्पत्ती पाहणे येथे योग्य ठरते.

आता ६० कोटी खर्चाचा व ७८ कोटी प्राप्तीचा 'घ' प्रकल्प यादीत आला असे समजू. त्याचा निर्देशांक १.३० म्हणजे सर्वाधिक आहे. तो प्रथम घेतल्यास ४० कोटी उरतात आणि त्यांत 'ख' किंवा 'ग' पूर्ण बसत नाही. निव्वळ मूल्य केवळ १८ कोटी राहते. म्हणजे प्रकल्पाचे तुकडे पाडता येत नसतील, तर निर्देशांकाचा क्रम चुकू शकतो. निधीची मर्यादा लागोपाठ अनेक वर्षे असेल तरीही हा साधा क्रम अपुरा पडतो. या अडचणीतून १९६३ मध्ये एच. मार्टिन वाइनगार्टनर यांनी गणिती प्रोग्रामिंगचा मार्ग दाखविला. खाजगी कंपनी अशा वेळी उरलेले ४० कोटी दुसरीकडे गुंतवू शकते. शासकीय व्यवहारात मात्र त्या ४० कोटींतून 'ख' चे काम 'सुरू' करण्याचा मोह होतो. अपूर्ण प्रकल्पांच्या कहाणीचा आरंभ येथे आहे.

भारतातील निकषांची वाटचाल :

ब्रिटिश राजवटीत सिंचनाची कामे 'उत्पादक' व 'संरक्षक' अशा दोन वर्गांत विभागली जात. पाणीपट्टी व वाढीव महसुलातून भांडवलावरील व्याज निघाले, तर काम उत्पादक ठरे व त्यासाठी कर्ज काढता येई. दख्खनमधील बहुतेक कालवे या कसोटीस उतरले नाहीत. ते दुष्काळनिवारणासाठी, संरक्षक कामे म्हणून झाले. १९०१ ते १९०३ च्या सिंचन आयोगानेही संरक्षक कामांची गरज मान्य केली. कसोटी मात्र सरकारी तिजोरीच्या दृष्टीतूनच पाहिली जात होती.

या दृष्टीला महाराष्ट्रातूनच आव्हान मिळाले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभांची पाहणी केली. तिचा अहवाल १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. कालव्याचा लाभ शेतकरी, मजूर, व्यापारी व कारखाने यांच्यापर्यंत पोहोचतो आणि तिजोरीच्या हिशेबात त्याचा लहानसा भागच दिसतो, हे त्यातून पुढे आले. पुढे १९६४ मध्ये गाडगीळ यांच्याच अध्यक्षतेखालील समितीने केवळ वित्तीय परताव्याऐवजी सामाजिक लाभ-व्ययाचा निकष सुचविला. त्यातून स्थिरावलेल्या पद्धतीत सर्वसाधारण प्रकल्पासाठी किमान गुणोत्तर १.५ आणि अवर्षणप्रवण क्षेत्रासाठी १.० मानले जाऊ लागले.

हा बदल न्याय्य होता. परंतु गुणोत्तर मोजण्याची रीत वार्षिक राहिली. प्रकल्प पूर्ण झाल्यावर मिळणारा एका वर्षाचा निव्वळ शेतीलाभ अंशस्थानी आणि एका वर्षाचा खर्च, म्हणजे भांडवलावरील व्याज, घसारा व देखभाल, छेदस्थानी घेतला जातो. लाभ कोणत्या वर्षी सुरू होणार, हा प्रश्न या सूत्रात उद्भवतच नाही. १९८३ मध्ये नियोजन आयोगाने नेमलेल्या नितीन देसाई समितीने अंतर्गत परतावा दराचा, साधारणपणे ९ टक्क्यांचा, निकष सुचविला. त्यात काळाची दखल होती. तरीही व्यवहारात वार्षिक गुणोत्तराचीच पद्धत चालू राहिली.

विलंबाची किंमत :

एका प्रकल्पाचा भांडवली खर्च १०० कोटी रुपये आहे असे मानू. १० टक्के व्याज, १ टक्का घसारा आणि १ कोटी देखभाल मिळून वार्षिक खर्च १२ कोटी होतो. वार्षिक लाभ १८ कोटी असेल तर गुणोत्तर नेमके १.५ येते आणि प्रकल्प मंजुरीस पात्र ठरतो.

हाच प्रकल्प दरवर्षी २० कोटी खर्चून ५ वर्षांत पूर्ण केला, तर १० टक्के वटाव दराने खर्चाचे वर्तमान मूल्य सुमारे ७५.८ कोटी येते. देखभाल वजा जाता वर्षाला १७ कोटींचा लाभ सहाव्या वर्षापासून १०० वर्षे मिळत राहिला, तर त्याचे वर्तमान मूल्य सुमारे १०५.५ कोटी होते. लाभप्रदता निर्देशांक १.३९ येतो. आता निधी अनेक प्रकल्पांत विभागल्यामुळे दरवर्षी केवळ ५ कोटी मिळाले आणि प्रकल्पास २० वर्षे लागली असे समजू. खर्चाचे वर्तमान मूल्य ४२.६ कोटी, तर एकविसाव्या वर्षापासून सुरू होणाऱ्या लाभांचे मूल्य अवघे २५.३ कोटी येते. निर्देशांक ०.५९ वर घसरतो. भाववाढ धरलेली नाही, भूसंपादनाचे वाढीव दर धरलेले नाहीत. बदललेला आहे तो केवळ काळ. वार्षिक गुणोत्तर दोन्ही वेळा १.५ च राहते.

कालव्याच्या आरंभीच्या भागात पाणी लवकर सुटले तर घट इतकी तीव्र होणार नाही, हे मान्य केले पाहिजे. तरीही दिशा बदलत नाही. शिवाय १.५ हा उंबरठा आहे, क्रम नव्हे. तो ओलांडणारे शंभर प्रकल्प असतील आणि निधी दहांपुरता असेल, तर कोणते दहा घ्यावेत याचे उत्तर उंबरठा देत नाही. मग प्रत्येकाला थोडे थोडे दिले जाते आणि सर्वांचाच निर्देशांक खाली येतो. १९९६ नंतर राज्यात खोरेनिहाय पाटबंधारे विकास महामंडळे स्थापन झाली. त्यांतील गोदावरी मराठवाडा महामंडळ १९९८ चे आहे. निधी उभारण्याचे नवे मार्ग मिळाले, पण हाती घेतलेल्या कामांची संख्याही वाढली.

अपूर्ण प्रकल्प व उर्वरित खर्चाचा निर्देशांक :

वरील संथ प्रकल्प १५ वर्षांनी ७५ कोटी खर्चून थांबला आहे असे समजू. झालेला खर्च परत येणार नाही, म्हणून निर्णयासाठी उरलेले २५ कोटीच विचारात घ्यावयाचे. ते एका वर्षात देऊन काम पूर्ण केल्यास खर्चाचे वर्तमान मूल्य २२.७ कोटी, लाभांचे सुमारे १५४.५ कोटी आणि निर्देशांक ६.८ येतो. कोणताही नवा प्रकल्प याच्या जवळपास येऊ शकत नाही. केंद्र शासनाने १९९६-९७ मध्ये सुरू केलेल्या वेगवर्धित सिंचन लाभ कार्यक्रमाने अंतिम टप्प्यातील प्रकल्पांना साहाय्य देण्याचे धोरण घेतले, त्यामागील तर्क हाच होता.

मात्र या तर्काला दुसरी बाजू आहे. अर्धवट कामाला पुढे अग्रक्रम मिळतो हे माहीत असल्यास आज थोडक्या तरतुदीवर काम सुरू करून ठेवणे फायद्याचे ठरते. म्हणून उर्वरित खर्चाचा निर्देशांक जुन्या कामांपुरताच लावावा. नव्या कामास मात्र प्रत्यक्ष मिळू शकणाऱ्या वार्षिक निधीवरून काढलेल्या कालावधीसह पूर्ण निर्देशांकाची कसोटी लावावी.

प्रादेशिक न्यायाचा प्रश्न याहून वेगळा आहे. १९८४ च्या दांडेकर समितीने मोजलेला अनुशेष आणि संविधानाच्या अनुच्छेद ३७१(२) खालील राज्यपालांचे निर्देश यांनी विभागांमधील वाटप ठरविण्याचा प्रयत्न केला. कमी पावसाच्या प्रदेशाला केवळ निर्देशांकाच्या तराजूत तोलू नये, हे योग्यच आहे. परंतु विभागाच्या वाट्याला आलेला निधी त्या विभागात कोणत्या क्रमाने खर्च करावा, हा प्रश्न उरतोच आणि तेथे निर्देशांक न्यायाच्या आड येत नाही.

निष्कर्ष :

१) सिंचनातील लाभ-व्यय गुणोत्तर व लाभप्रदता निर्देशांक यांचे स्वरूप सारखे दिसले तरी पहिल्यात काळाची दखल नाही.
२) किमान गुणोत्तराचा उंबरठा प्रकल्पांची पात्रता सांगतो, अग्रक्रम सांगत नाही.
३) निधी पातळ पसरल्याने कागदावर पात्र असलेला प्रकल्पही प्रत्यक्षात तोट्याचा ठरू शकतो.
४) निर्देशांकाने क्रम लावताना प्रकल्पांची अविभाज्यता व अनेक वर्षांची निधीमर्यादा तपासणे आवश्यक आहे.

इसापूरच्या जलाशयात पाणी दिसते तेव्हा आपण त्यास पूर्ण झालेली गुंतवणूक समजतो. निर्देशांकाचे गणित मात्र शेवटच्या शेतचारीत पाणी कोणत्या वर्षी आले एवढेच विचारते. मंजुरीच्या प्रस्तावात हे वर्ष लिहिणे व त्यावरून हिशेब करणे बंधनकारक झाले, तर अनेक प्रकल्पांचा क्रम बदलेल असे प्रस्तुत लेखकास वाटते.