हात नाही, पण ट्रे खरा

आजचा एपिसोड एका सफरचंदापासून सुरू करू. साल 1914, ठिकाण अमेरिका. विन्सर मॅके नावाचा व्यंगचित्रकार हातात चाबूक घेऊन स्टेजवर उभा आहे, मागे पडद्यावर त्यानेच काढलेली डायनासोर, गर्टी. सर्कशीतल्या रिंगमास्टरसारखा तो तिला हुकूम सोडतो आणि ती ऐकते, कधी हट्टही करते. मग मॅके खिशातून एक सफरचंद काढतो, तिच्याकडे फेकल्यासारखं करतो आणि पडद्यावर चित्रातलं सफरचंद गर्टीच्या तोंडात जातं.

खरं सफरचंद, म्हणजे पुठ्ठ्याचं, मॅकेने हळूच लपवलेलं असायचं. हातचलाखी, बस्स. पण यात एक गोष्ट लक्षात घ्या. फिल्म आधीच तयार आहे आणि प्रोजेक्टर थांबणार नाही. गर्टी मान कधी वळवणार, तोंड कधी उघडणार, सगळं ठरलेलं. त्यामुळे मॅकेलाच तिच्या वेळेत बोलावं लागायचं, तिच्या डोळ्यांची जागा पाठ करून तिकडे बघावं लागायचं. हात अर्धा सेकंद उशिरा फिरला तर वस्तू दिल्यासारखी वाटणारच नाही. थोडक्यात, माणूस चित्राच्या मागे धावत होता.

पुढे हे उलटं झालं. 1945 च्या ‘अँकर्स अवे’ मध्ये जीन केली टॉम अँड जेरीमधल्या जेरीसोबत नाचतो. तिथे केलीचा नाच आधी शूट केला आणि उंदीर नंतर काढला. आता चित्राने माणसाच्या मागे धावायचं. तो नाच जरूर बघा. मजा पायांत नाही, खालच्या चकचकीत फरशीत आहे. तिच्यात केलीचं प्रतिबिंब पडतं, म्हणून जेरीचंही काढावं लागलं. ते नसतं तर जेरीचे पाय जमिनीला टेकलेत यावर कुणाचा विश्वास बसला नसता.

पण नाचात दोघं एकमेकांना काही देत-घेत बसत नाहीत. खरी कसोटी लागली 1988 च्या ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’ मध्ये. दिग्दर्शक रॉबर्ट झेमेकिस, अॅनिमेशनचा प्रमुख रिचर्ड विल्यम्स. बॉब हॉस्किन्स हा नट एडी नावाचा वैतागलेला डिटेक्टिव्ह झालाय आणि त्याच्या गळ्यात पडलाय रॉजर नावाचा कार्टून ससा. दोघं सतत बोलतात, भांडतात, एकाच बेडीत अडकतात. आणि शूटिंगच्या वेळी ससा तिथे नाहीच!

पहिला प्रश्न नजरेचा. सरावाला सशाचा पूर्ण मापाचा रबरी पुतळा ठेवायचे, म्हणजे उंची डोळ्यांत बसायची. मग पुतळा बाजूला आणि खरा टेक. रॉजरला आवाज देणारा चार्ल्स फ्लायशर कॅमेऱ्याबाहेर उभा राहून संवाद म्हणायचा, तोही सशाचा ड्रेस घालून. हॉस्किन्सने नसलेल्याकडे बघायची युक्ती आपल्या छोट्या मुलीकडून घेतली होती. ती काल्पनिक मित्रांशी खेळायची आणि हा तिला बघत बसायचा.

हे इतकं अवघड का, त्याचं साधं गणित करू. समजा एडीचे डोळे जमिनीपासून 150 सेंटीमीटरवर आहेत आणि सशाचे 90 वर. ससा एक मीटरवर असेल तर नजर साधारण 31 अंश खाली झुकायला हवी. तोच तीन मीटरवर गेला तर फक्त 11 अंश. म्हणजे ‘खाली बघ’ एवढं सांगून भागत नाही. किती खाली बघायचं ते अंतरावर ठरतं. शिवाय जवळचं बघताना दोन्ही बुबुळं किंचित आत वळतात. नट मागच्या भिंतीकडे बघत असेल तर ती वळत नाहीत आणि चेहरा तंद्री लागल्यासारखा दिसतो. कारण सांगता येत नाही, पण आपल्याला खटकतंच.

एका शॉटमध्ये नेमकं असंच झालं. हॉस्किन्सची नजर सशाच्या डोक्यावरून सरळ गेली. फिल्म तर शूट झालेली, त्याचे डोळे आता बदलता येणार नाहीत. मग ससा हलवायचा, पण कुठे? नजरेच्या रेषेवर कुठेही चालेल. मागे न्यावा तर मागे भिंत. उरली एकच दिशा, वर. अॅनिमेटर्सनी रॉजरला भिंतीला पाठ लावून, चवड्यांवर ताणून उभा केला. बघणाऱ्याला वाटतं ससा घाबरलाय. आम्ही कोड लिहिणारे याला पॅच म्हणतो, आणि इतका सुंदर पॅच मी ऑफिसात पाहिलेला नाही.

दुसरा प्रश्न वस्तूंचा, आणि इथे त्यांनी मॅकेचा डाव पूर्ण उलटा केला. त्याने खरी वस्तू लपवली होती. यांनी वस्तू खरीच ठेवली आणि हात नंतर काढला. क्लबच्या सीनमध्ये पेंग्विन वेटर ट्रे घेऊन फिरतात. ते ट्रे खरे आहेत, दांड्यांवर बसवलेले. सेट उंचावर बांधला होता, म्हणजे माणसं खाली राहून दांडे फिरवू शकतील. नंतर पेंग्विन अशा जागी काढले की दांडा त्यांच्या अंगामागे झाकला जाईल. बेबी हर्मन या पात्राची सिगार यंत्राच्या हातावर होती, तर विझल गुंडांच्या बंदुका तारांवर लटकत होत्या. प्रत्येक फ्रेमचा मोठा फोटो काढून अॅनिमेटरच्या टेबलावर यायचा आणि त्या फोटोतल्या वस्तूभोवती तो बोटं काढायचा.

इथे एक बारकावा. नेहमीच्या कार्टूनमध्ये सेकंदाला 24 फ्रेम असल्या तरी एक चित्र बऱ्याचदा दोन फ्रेम वापरतात. काम निम्मं होतं आणि कुणाला कळतही नाही. पण खरा ट्रे प्रत्येक फ्रेमला थोडा सरकतो. हात एक फ्रेम सोडून सरकला तर दर दुसऱ्या फ्रेमला तो ट्रेवरून घसरल्यासारखा दिसेल. म्हणून विल्यम्सने प्रत्येक फ्रेमसाठी वेगळं चित्र असा हट्ट धरला. त्यात झेमेकिसचा कॅमेराही सतत फिरता! कार्टून आणि माणूस एकत्र दाखवायचे तर कॅमेरा हलवू नये, हा जुना नियम दोघांनी सरळ मोडला.

तरीही एक अडचण उरते. वजन. तुम्ही मला पाण्याने भरलेला ग्लास दिलात तर एक क्षण तो दोघांच्याही हातात असतो. माझ्या हातावर भार आला की तुमची बोटं सैल होतात. ग्लास किंचित खाली जातो, मग सावरतो. माझी नजर आधी ग्लासवर असते आणि पकड बसली की तुमच्या चेहऱ्याकडे जाते. दांड्यावरची वस्तू मात्र आपोआप अशी दबत नाही. ती तशी हलवणं दांडा धरणाऱ्या माणसाचं काम, आणि त्याने ते विसरलं तर नंतर कितीही छान हात काढा, वस्तू हवेत तरंगतेच.

बारमागच्या खोलीतला सीन मोबाइलवर थांबवत थांबवत बघा. एडी बेडी करवतीने कापतोय, खोकं डगमगतंय. रॉजर शांतपणे हात बेडीतून काढतो आणि त्याच हाताने खोकं धरून विचारतो, याने काही मदत होते का? वर दिवा झुलतोय, त्यामुळे सशाच्या अंगावरची सावली आणि उजेड फ्रेमागणिक बदलत जातो आणि तो वेगळ्या थरात काढावा लागलाय. दिव्याकडे बघू नका. एडीचे डोळे बघा.  त्याच्यासमोर सशाचं काहीच नव्हतं.