स्थिर चौकटीतील जिवंत चित्रण
कॅमेरा तिपाईवर पक्का बसवून, समोरची व्यक्तीही जवळजवळ निश्चल ठेवून केलेले चित्रण. हालचाल उरते ती श्वासाची, पापण्यांची, भुरभुरणाऱ्या केसांची. अँडी वॉरहॉल यांचे ‘स्क्रीन टेस्ट्‌स’ (१९६४–६६) हे याचे ठळक उदाहरण. न्यूयॉर्कमधल्या आपल्या ‘फॅक्टरी’ या स्टुडिओत ते माणसाला साध्या पडद्यापुढे बसवत आणि हलू नका, शक्यतो पापणीही लववू नका, असे सांगत. १६ मिमी फिल्मचे १०० फुटी रीळ संपेपर्यंत मूक कॅमेरा चालू राही. चित्रण सेकंदाला २४ चौकटींनी होई, प्रक्षेपण मात्र १६ ने. त्यामुळे पावणेतीन मिनिटांचे रीळ चार मिनिटांवर जाई आणि एरवी निसटणारी पापणीची उघडझाप नीट दिसे. अशाच एका चित्रणात अ‍ॅन ब्युकॅनन यांनी पापणी रोखून धरली, तेव्हा चेहरा तसाच राहून डोळ्यांतून पाणी ओघळले. मालिकेतले हे सर्वांत प्रभावी चित्रण म्हणावे लागेल. अशा दृश्यात तिपाई किंचित हलली तरी लपत नाही. चेहऱ्यासोबत मागची पार्श्वभूमीही सरकली, तर दोष कॅमेऱ्याचा समजावा.